घरातल्या घरात ऐकणारा संगणक

‘पंखा चालू’ म्हटलं की पंखा फिरावा आणि आपला आवाज मात्र घराबाहेर जाऊ नये, यासाठी पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय ४ पुरतो. त्याला माइकची जागा नसते, म्हणून यूएसबी माइक जोडावा लागतो. इंटरनेट लागतं ते सुरुवातीला फाइली उतरवून घेण्यापुरतंच.

हा संगणक सतत आपलं बोलणं समजून घेत नाही. ओपनवेकवर्ड नावाचा हलका प्रोग्रॅम दर ८० मिलिसेकंदांनी आवाजाचा तुकडा तपासतो आणि त्यात हाकेचा शब्द असण्याची शक्यता ० ते १ मध्ये सांगतो. आकडा ०.५ च्या वर गेला की पुढचं काम सुरू होतं. टीव्हीच्या आवाजाने तो उगाच जागा होत असेल तर ही मर्यादा वाढवावी. पण फार वाढवली तर लांबून मारलेली हाक त्याला कळत नाही.

हाकेनंतरचं बोलणं ओळखतो व्होस्क. त्याच्या तयार मॉडेलांत मराठी नाही, हिंदी आहे, तेही ५० एमबीच्या आत बसणारं. आपलं काम त्यावर भागतं, कारण पंखा, बत्ती, चालू, बंद हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. खरी मेख पुढे आहे. हजारो शब्दांतून निवड करायला लावलं तर एवढं छोटं मॉडेल वारंवार चुकतं, म्हणून त्याला मोजकीच वाक्यं द्यायची:

```
rec = KaldiRecognizer(model, 16000,
  '["पंखा चालू", "पंखा बंद",'
  ' "बत्ती चालू", "बत्ती बंद", "[unk]"]')
```

शेवटचं `[unk]` विसरू नका. ते नसेल तर व्होस्क कुठलाही आवाज या चार वाक्यांतच बसवू पाहतो; कुणी ‘चहा झाला का’ विचारलं तरी पंखा फिरू शकतो. `[unk]` दिलं की अनोळखी बोलण्याला जायला वाट मिळते. शिवाय दिलेल्या वाक्यांतले शब्द तो उलटसुलटही जोडू शकतो, ‘पंखा बत्ती’ असं काहीतरी. त्यामुळे मिळालेलं वाक्य चारांपैकी एकाशी तंतोतंत जुळलं तरच रिले चालवायचा, असं प्रोग्रॅममध्ये बजावून ठेवणं मला अत्यावश्यक वाटतं. रिलेच्या पलीकडे २३० व्होल्टची वीज असते; ती जोडणी इलेक्ट्रिशियननेच करावी.

एखादी आज्ञा कधीच ओळखली जात नसेल, तर प्रोग्रॅम सुरू होतानाचे संदेश वाचा. तिथे `Ignoring word missing in vocabulary` दिसलं, तर तो शब्द मॉडेलच्या कोशातच नाही. कितीही स्पष्ट उच्चारला तरी उपयोग नाही, दुसरा निवडावा लागतो. तसा संदेश नसेल, तर माइक तपासा:

```
arecord -f S16_LE -r 16000 -c 1 -d 5 test.wav
```

पाच सेकंदांचं हे रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. फिरत्या पंख्याच्या घरघरीत आपलेच शब्द आपल्याला नीट ऐकू येत नसतील, तर मॉडेल बदलण्याआधी माइक बोलणाऱ्याच्या जवळ आणा.