छायाकृती-निसर्गदृश्य दुहेरी उद्भासन

छायाकृती-निसर्गदृश्य दुहेरी उद्भासन हा व्यक्तिचित्रणाचा एक प्रकार आहे. यात बाजूने टिपलेल्या चेहऱ्याची काळी छायाकृती आणि डोंगर, झाडी किंवा शेतशिवाराचे छायाचित्र एकाच चौकटीवर उतरवले जाते. त्यामुळे निसर्गदृश्य केवळ चेहऱ्याच्या बाह्यरेषेच्या आत दिसते आणि बाहेरची पार्श्वभूमी पांढरी राहते. छायाचित्रकारांच्या बोलण्यात यास 'डबल एक्स्पोजर' असेच म्हणतात. दोन चित्रे एकावर एक ठेवून वरचे अर्धपारदर्शक केले म्हणजे हे चित्र होते, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. अर्धपारदर्शकतेने दोन्ही चित्रे सर्वत्र फिकट होतात. येथे मात्र एक चित्र दुसऱ्यासाठी जागा राखून ठेवते.

## तत्त्व

फिल्म असो वा संवेदक, त्यावर पडलेला प्रकाश साठत जातो. पहिल्या उद्भासनात जेथे प्रकाश पडलाच नाही तेथे दुसरे चित्र निर्वेध उमटते. जेथे प्रकाशाची मर्यादा आधीच गाठली गेली आहे तेथे दुसऱ्या चित्राला उमटण्यास जागा उरत नाही. काळ्या चेहऱ्यात डोंगर दिसतो आणि पांढऱ्या आकाशात दिसत नाही, याचे कारण एवढेच आहे.

शुद्ध पांढऱ्यासाठी १ आणि मध्यम करड्यासाठी ०.१८ हे मूल्य धरले, तर हिशेब स्पष्ट होतो. छायाकृतीतील चेहरा मध्यम करड्यापेक्षा चार स्टॉप कमी उद्भासित असेल, तर त्याचे मूल्य ०.१८ भागिले १६, म्हणजे सुमारे ०.०१ येते. त्यावर मध्यम करड्या गवताचा उतार पडला की बेरीज ०.१९ होते; गवत जवळजवळ जसेच्या तसे दिसते. पार्श्वभूमीवर हाच उतार पडला तर बेरीज १.१८ होते, परंतु १ च्या पुढे मोजमापच नसल्याने ती जागा पांढरीच राहते. आता चेहरा एकच स्टॉप कमी ठेवला आहे असे मानू. त्याचे मूल्य ०.०९ राहते आणि बेरीज ०.२७ होते. गाल, डोळा व कानाचे तपशील उतारावर धुरासारखे पसरतात. पहिल्या प्रयत्नांतील बहुतेक चित्रे येथेच बिघडतात.

दोन समान उजेडाची चित्रे एकत्र करताना प्रत्येक उद्भासन एक स्टॉप कमी ठेवावे, असा छायाचित्रणातील रूढ नियम आहे. तो येथे लागू होत नाही. चेहऱ्याचा भाग रिकामाच असल्याने निसर्गदृश्याला त्याचे पूर्ण उद्भासन द्यावे लागते. ते निम्मे केले तर चित्र मळकट होते.

## बाजूचाच चेहरा का

छायाकृतीत चेहऱ्याच्या आतले काहीच उरत नाही. ओळख पटवणारी रेषा कपाळ, नाकाचा बांक, ओठ आणि हनुवटी यांतूनच मिळते, आणि ही रेषा केवळ बाजूने दिसते. समोरून घेतलेल्या चित्राची छायाकृती केली तर दोन कान आणि एक लंबगोल एवढेच हाती लागते. युरोपात अठराव्या शतकात काळ्या कागदातून कापलेली स्वस्त व्यक्तिचित्रे लोकप्रिय झाली. तीही याच कारणाने बाजूची असत. फ्रान्सचे अर्थमंत्री एत्येन द सिलुएत यांचे नाव त्या प्रकाराला चिकटले.

दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ असे चित्र करावयाचे झाल्यास ही अडचण तीव्रतेने जाणवते. घरात उपलब्ध असलेले छायाचित्र बहुधा समोरून घेतलेले, ओळखपत्राच्या धर्तीचे असते. त्यातून बाजूची रेषा काढता येत नाही. एखाद्या लग्नाच्या वा सणाच्या छायाचित्रात ती व्यक्ती बाजूने टिपली गेली आहे का, हे शोधणे हाच खरा मार्ग ठरतो. लहानसे आणि अस्पष्ट चित्रही चालते, कारण त्यातून हवी असते ती फक्त कड.

वेशभूषेचाही परिणाम होतो. फेटा वा पागोट्यामुळे डोक्याचा आकार वाढतो आणि दृश्याला जास्त जागा मिळते. डोक्यावरचा पदर मात्र मानेची मागची रेषा झाकतो. तो किंचित मागे सरकवला नाही, तर आकृती डोंगराच्या ढिगासारखी दिसते.

## एक उदाहरण : सोनाळा

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात असलेले सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावाच्या उत्तरेस डोंगररांग आणि अंबाबरवा अभयारण्याचे जंगल आहे, तर दक्षिणेकडे सपाट शेती पसरलेली आहे. या तंत्राच्या दृष्टीने ही रचना सोयीची आहे. उत्तरेकडे पाहणाऱ्या छायाचित्रकाराच्या पाठीशी हिवाळ्यात दिवसभर सूर्य असतो; त्यामुळे डोंगराच्या दर्शनी उतारावर उजेड पडतो. अभयारण्यात न जाता शेताच्या बांधावरूनही दृश्य टिपता येते.

पहिल्या उद्भासनासाठी उघड्या शेतात दुपारी उभे राहणे निरुपयोगी ठरते. जमिनीवरून परतणारा उजेड चेहरा उजळवतो, आणि आकाश व चेहरा यांतील अंतर अपुरे पडते. त्यापेक्षा घराचे दार अधिक कामाचे. व्यक्तीला दाराच्या आत, अंधाऱ्या खोलीत बाजूने उभे करावे. कॅमेरा खोलीत आणखी मागे ठेवावा, आणि व्यक्तीच्या पलीकडे समोरच्या घराची उन्हातील चुना लावलेली भिंत यावी. आयएसओ १०० आणि एफ/८ वर भिंतीचे मापन १/१००० सेकंद आणि चेहऱ्याचे १/८ सेकंद आले असे धरू. दोहोंत सात स्टॉपचे अंतर आहे. प्रकाशमापक ज्यावर रोखाल ते मध्यम करडे करू पाहतो. म्हणून भिंतीच्या मापनापेक्षा तीन स्टॉप जास्त, म्हणजे १/१२५ सेकंद दिले की भिंत पूर्ण पांढरी होते. त्याच वेळी चेहरा मध्यम करड्याच्या चार स्टॉप खाली जातो. वरच्या हिशेबात नेमके हेच हवे होते. कॅमेऱ्यात अतिउद्भासित भाग लुकलुकून दाखवण्याची सोय असेल, तर संपूर्ण भिंत लुकलुकली पाहिजे; एखादा कोपरा लुकलुकत नसेल तर त्या कोपऱ्यात पुढे डोंगर डोकावणार.

दुसरे उद्भासन डोंगराचे. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ/८ वर सुमारे १/४०० सेकंद पुरेसे होतात. ऋतूची निवड येथे उद्भासनापेक्षा महत्त्वाची आहे. पावसाळ्यातील हिरवे जंगल डोळ्यांना सुंदर वाटते, पण छायाचित्रात ते एकसारखे गडद उतरते आणि चेहऱ्यात फक्त काळपट गोळा भरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पाने टाकतो, गवत पिवळे पडते, आणि फांद्यांच्या बारीक रेषा दिसू लागतात. या चित्राला तेच हवे असते.

## आकाशाची अडचण

निसर्गदृश्यात वरच्या बाजूला उजळ आकाश असते आणि छायाकृतीत वरच्या बाजूला डोके. नेहमीच्या पद्धतीने दोन्ही जुळवली तर आकाश नेमके डोक्यात येते, पार्श्वभूमीच्या पांढऱ्यात मिसळते आणि माथाच नाहीसा होतो. बाह्यरेषा स्वतंत्रपणे अस्तित्वात नसते. तिच्या आतील दृश्य पार्श्वभूमीपेक्षा गडद असेल तेथेच ती टिकते.

यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला म्हणजे चौकटीत आकाश अत्यल्प ठेवणे. कॅमेरा उताराकडे रोखून क्षितिज कपाळाच्याही वर न्यावे, म्हणजे डोके झाडीने भरते. दुसरा उपाय ही अडचणच वापरून घेतो. झाडांचे शेंडे माथ्याच्या रेषेच्या किंचित आत संपतील अशी मांडणी केल्यास गोल माथ्याऐवजी झाडांचीच रेषा डोक्याची कड बनते. हे शेंडे माथ्याच्या बाहेर काढता येत नाहीत, कारण पांढऱ्यावर काहीच उमटत नाही. 'डोक्यातून बाहेर वाढलेली झाडे' ज्या चित्रांत दिसतात, ती संगणकावर वेगळ्या थराने जोडलेली असतात. नाक व ओठांच्या रेषेमागे मात्र आकाश कधीही येऊ देऊ नये. माथा हरवला तरी माणूस ओळखू येतो, नाक हरवले तर नाही.

## कॅमेरे व संगणक

कॅनन कंपनीच्या २०१२ सालच्या ईओएस ५डी मार्क ३ आणि नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत ही सोय अंगभूत आहे. तेथील `Additive` हा पर्याय या कामासाठी योग्य आहे. `Average` निवडल्यास दोन्ही चित्रांची सरासरी घेतली जाते. वरच्या उदाहरणात पार्श्वभूमी १ ऐवजी ०.५९ वर येते, म्हणजे करडी होते आणि तिच्यात डोंगराचे भूत दिसते. चेहऱ्याबाहेर फिकट डोंगर दिसू लागला की पर्याय चुकला किंवा भिंत पुरेशी पांढरी झाली नव्हती, असे समजावे. संगणकावर `Screen` या मिश्रणपद्धतीने साधारण असाच परिणाम मिळतो.

फिल्मवर काम करणारे आधी संपूर्ण रीळ छायाकृतींनी भरतात, ते गुंडाळून पुन्हा चढवतात आणि त्यावर निसर्गदृश्ये घेतात. पहिल्यांदा रीळ चढवताना फिल्म व कॅमेरा या दोहोंवर खूण केलेली नसेल, तर चौकटी सरकतात आणि एका चेहऱ्याच्या मधोमध दोन दृश्यांमधली पट्टी येते.

## पूर्वपीठिका

भारतीय चित्रपटांत हे तत्त्व लवकर आले. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी व्यावसायिक छायाचित्रकार होते. त्यांच्या १९१९ सालच्या 'कालिया मर्दन'च्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिचा चेहरा कृष्णाच्या रूपात विरघळतो. त्या काळी असे दृश्य कॅमेऱ्यातच, फिल्म मागे गुंडाळून आणि दुसऱ्यांदा उद्भासित करून साधले जाई. तेथे मात्र एक चित्र मावळत असताना दुसरे उगवते. छायाकृतीने जागा राखण्याचा प्रश्न येत नाही.

मानवी आकृतीत निसर्ग भरण्याचा विचार अमेरिकन छायाचित्रकार हॅरी कॅलहन यांनी १९५० च्या दशकात पत्नी एलिनर हिच्या चित्रांत गांभीर्याने केला. आज हा प्रकार सर्वत्र परिचित असण्याचे एक कारण म्हणजे २०१४ सालच्या 'ट्रू डिटेक्टिव्ह' या अमेरिकन मालिकेची शीर्षकदृश्ये. त्यांत पात्रांच्या आकृतींत लुइझियानाचे कारखाने आणि रस्ते दिसतात. त्यानंतर पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर व जाहिरातींत या शैलीचा इतका वापर झाला की पाइन वृक्षांनी भरलेला चेहरा हा साचाच बनला. तयार संग्रहातून घेतलेले परदेशी जंगल वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या चेहऱ्यात भरलेले आढळते तेव्हा चित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही त्या माणसाविषयी चुकीची माहिती देते.

## वापराची मर्यादा

वृत्तछायाचित्रण आणि वन्यजीव छायाचित्रण यांत दोन क्षण वा दोन स्थळे एका चौकटीत आणणे सामान्यतः ग्राह्य धरले जात नाही, मग ते संगणकावर केलेले असो वा कॅमेऱ्यात. इतरत्र असे चित्र प्रसिद्ध करताना ओळीत 'दुहेरी उद्भासन' असा उल्लेख करून दृश्याचे स्थळ वेगळे नोंदवण्याची पद्धत आहे.