संचायक-कक्षातील हायड्रोजन आणि वायुवीजनाचे गणित

शिसे-आम्ल घट पूर्ण भारित झाल्यावर त्यात जाणारा प्रवाह पाण्याचे विघटन करू लागतो. फॅरडेच्या नियमाप्रमाणे एका घटातून १ अँपिअर-तास प्रवाह केवळ या कामी गेला, तर ०° सेल्सिअसला सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की मिश्रण ज्वालाग्राही बनते. म्हणजे १ भाग हायड्रोजनास किमान २४ भाग हवा हवी. त्यास ५ पट सुरक्षा-गुणक लावला की २४ × ५ × ०.४२, म्हणजे सुमारे ५० लिटर हवा होते. आंतरराष्ट्रीय मानकातील सूत्राचा ०.०५ हा अंक येथूनच आला आहे:

Q = 0.05 × n × I

येथे Q ही दर तासाची हवा घनमीटरांत, n ही घटांची संख्या आणि I हा वायू निर्माण करणारा प्रवाह अँपिअरमध्ये आहे.

यूपीएसला जोडलेली, १२ व्होल्टच्या ३२ बंदिस्त संचायकांची २०० अँपिअर-तास क्षमतेची एक माळ घेऊ. येथे n चे मूल्य ३२ नव्हे. प्रत्येक पेटीत सहा घट असल्याने ते १९२ आहे. ही चूक वरवर किरकोळ दिसते, पण उत्तर सहापट कमी करते. झडपेच्या बंदिस्त घटांसाठी मानक तरंगत्या भारणास दर अँपिअर-तास क्षमतेमागे १ मिलिअँपिअर आणि जलद भारणास ८ मिलिअँपिअर धरते. येथे I अनुक्रमे ०.२ व १.६ अँपिअर होतो आणि हवा तासाला १.९२ व १५.३६ घनमीटर लागते. जलद भारणाची सोय असेल तर अर्थातच दुसरा आकडा स्वीकारावा.

तथापि या आकड्यांमागे एक गृहीत आहे. बंदिस्त घटात धन पट्टीवरील ऑक्सिजन ऋण पट्टीकडे जाऊन पुन्हा पाणी बनतो; म्हणूनच हायड्रोजन इतका अल्प निघतो. भारकाचे व्होल्टनियंत्रण बिघडले, तर हे पुनर्मीलन अपुरे पडते. भारक २० अँपिअर देत राहिला आणि तो सर्व विघटनातच खर्च झाला असे धरल्यास १९२ घटांतून तासाला १.६१ घनमीटर हायड्रोजन निघेल. १५.३६ घनमीटर हवा खेळत असूनही त्याचे प्रमाण अखेर साडेनऊ टक्क्यांवर स्थिरावेल. ३० घनमीटरच्या कक्षात ४ टक्क्यांची मर्यादा सुमारे एका तासात ओलांडली जाईल. म्हणून अतिव्होल्ट होताच भारक आपोआप बंद पडला पाहिजे. अन्यथा पंखा भारकाच्या पूर्ण प्रवाहास पुरेल असा निवडावा. सूत्राने तो १९२ घनमीटरचा येतो.

हे सारे गणित वायू हवेत सारखा मिसळला आहे असे मानते. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका असल्याने तो तुळयांमधील खोलगट जागी साठू शकतो. हवा खालून यावी व छतालगत बाहेर पडावी, आणि शोधक-यंत्रही दारापाशी न लावता त्याच खोलगट जागी लावावे. झडपेच्या अगदी तोंडाशी मात्र कितीही वारा असला तरी मिश्रण घट्टच राहते. तेथे ठिणगी पडेल असे कोणतेही उपकरण बसवू नये.