कपड्यांच्या पेटीतील सुगंधी पोटली : वेखंड, वाळा आणि दवणा

थंडी सरली की लोकरी शाली, स्वेटर आणि रेशमी लुगडी पेटीत जातात. पुढे दसऱ्याच्या सुमारास ती बाहेर काढावीत, तो त्यांस बारीक भोके पडलेली दिसतात. लोकभाषेत यास ‘कसर लागणे’ असे म्हणतात. कसर या एका नावाखाली आपण अनेक किडी मोजतो; परंतु लोकर व रेशीम खाणारी मुख्य कीड म्हणजे फिकट सोनेरी रंगाचा, सुमारे अर्धा ते पाऊण सेंटिमीटर लांबीचा एक पतंग होय. हा उजेड टाळतो व अंधाऱ्या घडीत अंडी घालतो. पतंग स्वतः काही खात नाही; कापड कुरतडते ती त्याची पांढुरकी अळी. घाम, तेल वा अन्नाचे डाग असलेला भाग तिला विशेष मानवतो. स्वच्छ सुती कापडास तिच्यापासून सहसा उपद्रव होत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वनस्पतींचा वास पतंगास दूर ठेवण्यास साहाय्य करतो. कापडात आधीच असलेली अंडी व अळ्या त्याने मरतील असा भरवसा धरू नये. म्हणून पोटली ठेवण्यापूर्वी कपडे धुवावेत. लोकरी कपडे कडक उन्हात दोन-तीन तास उलटसुलट करून वाळवावेत आणि शिवणी व घड्या ब्रशाने झाडाव्यात. रेशमाचा रंग उन्हाने उडतो, यास्तव ते सावलीत वारा देऊन झाडावे.

कोणत्या वनस्पती घ्याव्या

कीटकांस दूर ठेवण्याचा गुण वेखंडाच्या वाळलेल्या गाठींत चांगला आहे. तेव्हा पोटलीत मुख्य भाग त्याचाच असावा. चैत्रात देवाला वाहण्यात येणाऱ्या दवण्याचा वास प्रथम तीव्र असतो. वाळ्याच्या मुळ्यांतील तेल जड असल्याने ते सावकाश उडते व सुगंध टिकवून धरते. कडुनिंबाचा पाला पुष्कळ घरी घालतात. पण त्यातील मुख्य कीटकनाशक द्रव्य वाऱ्यावाटे पसरणारे नाही, कीड पाला खाईल तेव्हाच ते काम करते. शाल खाणारी अळी निंबाचा पाला खात नाही. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

पोटली करण्याची रीत

दोन शाली, एक स्वेटर व एक रेशमी लुगडे ठेवलेली साधारण ट्रंक घेऊ. तिच्यासाठी वेखंड 100 ग्रॅम, वाळा 50 ग्रॅम आणि वाळलेला दवणा 50 ग्रॅम घ्यावा. दवणा फुलावर असता कापून सावलीत पातळ पसरून वाळवावा. उन्हात त्याचे तेल उडून जाते. काडी वाकता कट्‌कन मोडली म्हणजे तो वाळला असे समजावे. वेखंड जाडसर कुटावे, वाळा बोटाच्या पेराएवढा कापावा. सर्व मिसळून धुतलेल्या मलमलीच्या वीतभर चौकोनांत सारख्या चार पोटल्या बांधाव्या. दोन मधल्या थरांत व दोन वर ठेवाव्या. पोटलीतील तेलाचा डाग रेशमास किंवा जरीस लागू नये म्हणून मध्ये जुने सुती कापड घालावे. ट्रंकेचे झाकण घट्ट बसले पाहिजे. फटीतून वासही जातो आणि पतंगही आत येतो. पोटलीतील वेखंड मुलांच्या हाती लागू देऊ नये व ते पोटात घेऊ नये.

वास किती दिवस टिकतो

बंद ट्रंकेत दवण्याचा वास साधारण एक ते दोन महिने, वेखंडाचा पाच-सहा महिने आणि वाळ्याचा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक जाणवतो. येथेच फसगत होते. वर्षाअखेर पोटलीस मंद सुवास असतो, पण तो केवळ वाळ्याचा असतो; पतंगास अडविणारा भाग केव्हाच उडालेला असतो. यास्तव फाल्गुनात ठेवलेली पोटली पावसाळ्यापूर्वी उघडून दवणा पालटावा, आणि दसऱ्यास वेखंड नवे घालावे. जुना वाळा पुन्हा चालतो. दरम्यान दर महिन्यास पोटली बोटांनी चुरून, मोकळ्या हवेत हुंगून पाहावी. सतत सवयीने घरच्या माणसाच्या नाकास वास कळत नाही, म्हणून दुसऱ्यासही विचारावे.

पावसाळ्यात पोटली दमट लागली किंवा तिला कुबट वास आला तर आतील जिन्नस टाकून द्यावा, नाहीतर बुरशी कपड्यांवर उतरते. पोटलीस सुईएवढी भोके पडून खाली बारीक पूड साचली असल्यास वाळलेल्या वनस्पतीसच किडा लागला असे जाणावे. ती पोटली घराबाहेर नेऊन जाळावी. आणि घडीत रेशमी जाळे किंवा वाळूच्या कणांसारखी विष्ठा आढळली, तर नव्या पोटलीने भागणार नाही. सर्व कपडे बाहेर काढून, झाडून, वाळवून आणि ट्रंकेचे कोपरे पुसूनच पुन्हा भरावे.