एक कोटी भाड्यात, एक कोटी व्याजात

माझा भाचा आणि त्याची बायको वारज्यात भाड्याने राहतात. दोन बेडरूमचा फ्लॅट, महिना २२ हजार, मेंटेनन्स घरमालकाकडे. परवा त्यांच्याच सोसायटीत, बाजूच्या विंगमधला अगदी तसाच फ्लॅट ८० लाखांना विकायला निघाला आणि घरात वाद पेटला. ताईचं म्हणणं, भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात. भाच्याने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता, त्यात घर घेणारे सगळे अडाणी ठरले होते. शेवटी कागद-पेन्सिल माझ्याकडे आली. दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. खरं किती, हे आकडे मांडल्यावरच कळलं.

आधी हिशेबाची मांडणी. ८० लाखांच्या घराला ६० लाख कर्ज, पदरचे २० लाख. खर्च तिथेच संपत नाही. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत). नोंदणीचे ३० हजार, दलालाचे ८० हजार, शिवाय सोसायटीची ट्रान्सफर फी, रंग, किचन ट्रॉली, वॉर्डरोब. सगळं धरून १० लाख. म्हणजे पहिल्या दिवशी खिशातून ३० लाख जाणार. कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं, हप्ता ५२ हजार ६९ रुपये. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि दुरुस्तीची सरासरी मिळून महिना ६ हजार. भाडं आणि देखभाल दोन्ही वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतात असं धरलं, आणि घराची किंमतही तेवढीच.

“भाडं पाण्यात जातं, हप्त्यातून घर होतं”

पहिल्या महिन्याच्या ५२ हजारांतले ४२ हजार ५०० रुपये निव्वळ व्याज असतात. मुद्दल फिटते ती साडेनऊ हजार. पाच वर्षांत ३१ लाख भरून झाल्यावरही ६० लाखांपैकी जवळजवळ ५३ लाख बाकी असतात. ताईला हे पटेना, म्हणून तिच्या दिराच्या कर्जाचं बँकेचं स्टेटमेंट मागवलं. त्यातला ‘आउटस्टँडिंग प्रिन्सिपल’चा रकाना बघून ती गप्प झाली.

पाण्यात जाणारे पैसे दोन्हीकडे आहेत. भाडेकरूचं २० वर्षांचं भाडं साधारण ९७ लाख. घर घेणाऱ्याचं व्याज ६५ लाख, देखभाल साडेसव्वीस लाख आणि सुरुवातीचे ते १० लाख, म्हणजे एक कोटीच्या जरा वर. तिकडेही कोटभर, इकडेही कोटभर. त्यामुळे ‘भाडं फुकट जातं’ हे वाक्य या वादातून काढून टाकलेलं बरं.

ते काढलं की प्रश्न स्वच्छ होतो. पहिल्या वर्षापुरता बघा. घर घेणाऱ्याचे व्याज आणि देखभाल मिळून ५ लाख ७७ हजार गेले. घरात अडकलेल्या ३० लाखांवर ९ टक्के मिळाले असते, ते २ लाख ७० हजारही बुडाले. उलट घराची किंमत ६ टक्क्यांनी, म्हणजे ४ लाख ८० हजारांनी वाढली. निव्वळ खर्च ३ लाख ६७ हजार. त्याच घराचं वर्षाचं भाडं २ लाख ६४ हजार. हा फरक भाडेकरूच्या बाजूचा आहे, पण फरक आहे म्हणजे तो आपोआप खिशात पडला असं नाही. त्याकडे नंतर येतो.

“काकांचा फ्लॅट आठपट झाला”

प्रत्येक घरात असे एक काका असतात. १९९९ साली ८ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२४ साली ६४ लाखांना गेला. आठपट ऐकून डोळे दिपतात, पण २५ वर्षांत आठपट म्हणजे वर्षाला पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास. वाईट नाही, पण चमत्कारही नाही. त्यात काकांनी मध्ये भरलेलं व्याज, दोनदा केलेलं वॉटरप्रूफिंग आणि लिफ्टसाठी काढलेली वर्गणी कुणी मोजत नाही. आणि काकांच्या काळात २००३ ते २०१० ची तेजी आली होती. ज्यांनी २०१३ च्या सुमारास घेतलं, त्यांच्या घराचे दर पुढची कितीतरी वर्षं जवळपास जागच्या जागी होते. तेही असतात नात्यात, फक्त लग्नात गोष्ट सांगायला पुढे येत नाहीत.

वाढ मोजताना आणखी एक चूक हमखास होते. समोरच्या नव्या प्रकल्पाचा दर आपल्या घराला लावला जातो. किंमत वाढते ती जमिनीची. वर उभी असलेली इमारत दरवर्षी जुनी होत असते. वीस वर्षांनी तुमचं घर वीस वर्षं जुन्या इमारतीतलं असेल, म्हणून आजच त्या भागातल्या वीस वर्षांच्या सोसायटीत घर किती चौरस फुटाच्या दराने विकलं गेलं ते विचारावं, तेही जाहिरातीतला भाव नव्हे, प्रत्यक्ष नोंदलेला करार. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालं आहे का हेही तिथेच कळतं. ते नसेल तर उद्याच्या पुनर्विकासात घोडं अडतं आणि किमतीवर परिणाम होतो.

आमच्या हिशेबात ६ टक्क्यांनी हे घर २० वर्षांनी २ कोटी ५७ लाखांचं होतं. वाढ ४ टक्केच राहिली तर १ कोटी ७५ लाख. ७ टक्के मिळाली तर ३ कोटी १० लाख. दोन-तीन टक्क्यांच्या अंदाजावर एवढं अंतर पडतं, म्हणून जो कुणी छातीठोक आकडा सांगतो त्याच्याकडून चहा घ्यावा आणि निघावं.

“कर वाचतो, तोच मोठा फायदा”

हा मुद्दा आता बराचसा संपला आहे. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट नाही, आणि भाचा त्याच प्रणालीत आहे. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत मिळते, पण पहिल्या वर्षीचं व्याज ५ लाखांवर असतं आणि भाडेकरूलाही तिथे घरभाडे भत्त्याची सूट असते.

“भाड्याने राहा, बाकीचे गुंतवा, श्रीमंत व्हा”

व्हिडिओवाल्याचं हे गणित कागदावर बरोबर आहे. भाडेकरूकडे ३० लाख शिल्लक राहतात. डिपॉझिटचा एक लाख सोडला तर २९ लाख. शिवाय हप्ता आणि देखभाल मिळून ५८ हजार, त्यातून भाड्याचे २२ हजार वजा, म्हणजे पहिल्या वर्षी महिना ३६ हजार. भाडं वाढत जातं तशी ही बचत आटते, विसाव्या वर्षी महिना साडेतीन हजारांवर येते, पण संपत नाही. करानंतर ९ टक्के मिळाले तर २९ लाखांचे १ कोटी ६२ लाख होतात, महिन्याच्या रकमांचे १ कोटी ७३ लाख. डिपॉझिट परत मिळाल्यावर एकूण ३ कोटी ३७ लाख. दर तीन वर्षांनी घर बदलावं लागलं, म्हणजे महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि टेंपो-मजूर, तर त्यातले दहा-अकरा लाख कमी. तरी ३ कोटी २६ लाख उरतात. त्यातून तोच फ्लॅट तेव्हाच्या भावाने स्टॅम्प ड्युटीसकट विकत घेऊनही पन्नास लाखांच्या वर हातात राहतात.

इथपर्यंत भाचा खुर्चीत टेकून बसला होता. मग मी दोन गोष्टी बदलल्या. पैसे मुदत ठेवीत पडून राहिले आणि कर जाऊन ६ टक्केच मिळाले, तर ३ कोटी ३७ लाखांचे २ कोटी ११ लाख होतात आणि घर पुढे जातं. या घराच्या बाबतीत बरोबरी साधायला सव्वासात टक्क्यांच्या आसपास परतावा लागतो, तोही २० वर्षं सलग. दुसरी गोष्ट, ९ टक्के मिळाले पण महिन्याची बचत निम्मीच गुंतवली, तर अडीच कोटी. म्हणजे पुन्हा घर थोडंसं पुढे. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो. एसआयपी थांबवली तर फारसं कुणी विचारत नाही.

मग आकडा कुठे फिरतो?

सगळ्यात जास्त फिरतो तो भाडं आणि किंमत यांच्या प्रमाणावर. इथे वर्षाचं भाडं किमतीच्या ३.३ टक्के आहे. हाच फ्लॅट महिना ३० हजारांनी जात असता, म्हणजे साडेचार टक्के, तर ९ टक्के परतावा धरूनही दोन्ही बाजू जवळपास समसमान आल्या असत्या. ३२ हजार भाडं असतं तर घर सरळ जिंकलं असतं, कारण बाराव्या वर्षानंतर भाडेकरूचाच महिन्याचा खर्च जास्त होतो. म्हणून घर बघायला जाताना त्याच इमारतीत भाडं काय चाललंय ते वॉचमनला विचारावं. त्याला दलालापेक्षा नेमकं माहीत असतं.

दुसरी गोष्ट कर्जाचा बदलता दर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. बऱ्याच जणांचा हप्ता तेवढाच राहिला, त्यांना वाटलं सुटलो. बँकेने हप्त्याऐवजी मुदत वाढवली होती. अशा वेळी थोडा हप्ता वाढवून मुदत मूळ जागी आणता येते, आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

सगळं झाल्यावर मी भाच्याला त्याचं बँकेचं ॲप उघडायला लावलं. त्याचे ३० लाख खरोखर होते, त्यातले बरेचसे ठेवीत. एसआयपी महिना १४ हजारांची.

“उरलेले २२ हजार?” मी विचारलं.

“मामा, ते… जातात.”

ठेवींचे पैसे नीट जागी लावले आणि ९ टक्के मिळाले असं उदारपणे धरलं, तरी याच प्रमाणात गुंतवत राहिला तर २० वर्षांनी त्याच्याकडे २ कोटी ३१ लाख असतील, आणि घर २ कोटी ५७ लाखांचं. त्याची बायको इतका वेळ शांत होती. तिने पेन्सिल उचलली आणि १४ हजारांच्या खाली ३६ हजार लिहून त्याभोवती गोल केला. “सहा महिने हे करून दाखव,” ती म्हणाली, “जमलं तर राहू भाड्याने.” मग तिने दलालाला फोन लावला आणि त्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का ते विचारलं.