फोटोतली आडवी रेघ

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल जवळ आलं की वर्गाच्या ग्रुपवर वहीच्या पानांचे फोटो फिरू लागतात. एखाद्या पानावर ट्रूथ टेबल असतं. डावीकडे A, B, C, D असे चार रकाने, उजवीकडे एक रकाना आणि सगळीकडे शून्य-एकांची रांगोळी. खाली प्रश्न: सोपं समीकरण काढा आणि सर्किट काढा. फोटो तिरका असतो, अर्ध्या पानावर सावली असते आणि शेवटच्या काही ओळींत आकड्यांऐवजी नुसत्या आडव्या रेघा असतात. घाईत उतरवून घेणारा त्या रेघांना बहुतेक वेळा शून्य समजतो.

एक नेहमीचं टेबल घेऊ. लिफ्टमध्ये किंवा जुन्या डिजिटल घड्याळात अंक दाखवणाऱ्या डिस्प्लेत सात पट्ट्या असतात. त्यांना a ते g अशी नावं आहेत. खालच्या अर्ध्या भागातली डावीकडची उभी पट्टी म्हणजे e. शून्य ते नऊ हे अंक डोळ्यांसमोर आणले तर ही पट्टी 0, 2, 6 आणि 8 या चारच अंकांत पेटते. अंक चार तारांवरून येतो. A या तारेचं वजन 8, B चं 4, C चं 2 आणि D चं 1. म्हणजे सहा हा अंक 0110 असा येतो. चार तारांच्या सोळा जुळण्या होतात, पण अंक दहाच. उरलेल्या सहा जुळण्या, म्हणजे 10 ते 15, या डिस्प्लेकडे कधी येणारच नाहीत असं गृहीत असतं. फोटोतल्या रेघा त्यांच्याच. तिथे शून्य घ्या किंवा एक, बिघडत काही नाही. विद्यार्थी त्यांना ‘डोन्ट केअर’ म्हणतात.

फोटो वाचताना एक गोष्ट हाताशी धरावी: डावीकडच्या चार रकान्यांत नवी माहिती काहीच नसते. ते मोजणीच्या क्रमाने ठरलेले असतात. D मध्ये शून्य-एक आलटून पालटून, C मध्ये दोन-दोन, B मध्ये चार-चार, A मध्ये आठ शून्यं आणि मग आठ एक. हा ठेका कुठे चुकला, तर एखादी ओळ सावलीत हरवली आहे किंवा टेबल उतरवणाऱ्याचा हात घसरला आहे. डावी बाजू डोळे मिटूनही लिहिता येते. नजर लावून वाचायचा तो उजवीकडचा एकच रकाना, आणि त्यात शून्य, एक, रेघ या तिन्ही खुणा वेगळ्या उतरल्या पाहिजेत.

आता सोपं करणं. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नो यांनी 1953 साली मांडलेली चौकट, म्हणजेच के-मॅप, इथे कामी येते. टेबलाच्या सोळा ओळी सोळा घरांत भरायच्या.

```
AB\CD   00   01   11   10
 00      1    0    0    1
 01      0    0    0    1
 11      -    -    -    -
 10      1    0    -    -
```

वरच्या ओळीत 01 नंतर 10 नाही, 11 आहे. परीक्षेत सर्वाधिक मार्क याच जागी जात असावेत. शेजारच्या दोन घरांत एकाच अक्षराचा फरक पडावा म्हणून हा क्रम. मग शेजारी-शेजारी असलेले एक गटात बांधले की बदलणारं अक्षर गळून पडतं. दोन घरांच्या गटातून एक अक्षर जातं, चार घरांच्या गटातून दोन.

शेवटच्या उभ्या रांगेत दोन एक आणि दोन रेघा आहेत. रेघांना एक मानलं की चौघांचा गट होतो. त्या रांगेत C कायम एक, D कायम शून्य, म्हणून हा गट CD'. दुसरा गट चटकन दिसत नाही, कारण तो चार कोपऱ्यांत आहे. चौकटीची डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला चिकटलेली असते, त्यामुळे चारही कोपरे एकमेकांचे शेजारी. तीन कोपऱ्यांत एक, चौथ्यात रेघ. तिथे B आणि D दोन्ही शून्य, म्हणून B'D'.

```
e = CD' + B'D' = D'(B' + C)
```

याच सहा रेघा शून्य म्हणून उतरवल्या असत्या तर चौघांचा एकही गट झाला नसता. उत्तर A'CD' + B'C'D' असं आलं असतं. चूक नाही ते. दहाही अंकांना पट्टी बरोबरच पेटते. पण तीन इनपुटची दोन अँड गेट, एक ऑर आणि चारही तारा उलटवायला चार नॉट गेट लागतात. रेघा ओळखल्यावर दोन नॉट, एक ऑर, एक अँड पुरतं आणि A ही तार तर लागतच नाही.

सर्किट काढताना शेवटच्या गेटपासून मागे यावं. समीकरण सांगतं की D शून्य हवा आणि (B' + C) एक हवं, तर शेवटी अँड गेट. त्याच्या एका पायाला D नॉटमधून, दुसऱ्या पायाला ऑरचा निकाल. ऑरच्या पायांना C थेट आणि B नॉटमधून. कागदावर इतकंच.

ब्रेडबोर्डवर मात्र नॉट, ऑर आणि अँड यांच्या तीन वेगळ्या आयसी लागतात, आणि प्रत्येकीतली बहुतेक गेटं रिकामी बसतात. इथे नॉर गेट जास्त कामाचं. त्याचे दोन्ही इनपुट शून्य असतील तेव्हाच ते एक देतं. पहिल्या नॉरच्या दोन्ही पायांना B जोडला की B' मिळतो. दुसऱ्याला B' आणि C द्यायचे. तिसऱ्याला दुसऱ्याचा निकाल आणि D. तिसऱ्यातून निघतं तेच D'(B' + C). सहा हा अंक घालून पाहू: B' शून्य, C एक, म्हणून दुसरं गेट शून्य, D शून्य, तिसरं गेट एक. पट्टी पेटली. चारला B' आणि C दोन्ही शून्य, दुसरं गेट एक, तिसरं शून्य. पट्टी बंद. सगळं काम 7402 या एका आयसीत बसतं. तीत चार नॉर असतात. उरलेल्या चौथ्याचे इनपुट लोंबकळत न ठेवता ग्राउंडला जोडावेत.

7402 चा एक खोडसाळपणा ठाऊक हवा. 7400, 7408, 7432 यांत पहिल्या गेटचे इनपुट पिन 1 आणि 2 वर असतात, आउटपुट 3 वर. 7402 मध्ये आउटपुट पिन 1 वर आणि इनपुट 2, 3 वर. सवयीने जोडलं तर समीकरण, आकृती सगळं बरोबर असूनही डिस्प्ले ऐकत नाही.

दुसरा घोळ अक्षरांचा. पाठ्यपुस्तकांत बहुधा A चं वजन 8 असतं. पण 7490 हा दशक मोजणारा काउंटर आणि 7447 हा डिस्प्ले चालवणारा डीकोडर यांच्या पिनांच्या नावांत A म्हणजे 1 आणि D म्हणजे 8. अक्षराला अक्षर जोडलं की तारा उलट्या बसतात. लक्षण ओळखीचं आहे: पट्टी 0, 1, 4, 5, 6, 7 ला पेटते, तर 2 आणि 8 ला विझलेली राहते. एका अंकाला पेटली आणि आठला विझली की गेट तपासत बसण्याआधी तारांचा क्रम पाहावा. म्हणूनच फोटोतही रकान्याच्या डोक्यावरच्या अक्षरापेक्षा त्याखालचा ठेका खरा मानावा. आलटून पालटून बदलणारा रकाना एकाचा, मग त्याचं नाव काहीही असो.

रेघांचं मोकळेपण मात्र अटीवर मिळालेलं असतं. आपण गट बांधताना 10 आणि 14 यांना एक मानलं, बाकी चार रेघा आपोआप शून्य झाल्या. पंधरापर्यंत मोजणारा काउंटर या सर्किटला जोडला, तर 10 आणि 14 ला ही पट्टी पेटेल. नऊच्या पुढचे आकडे येण्याची शक्यता असेल आणि तेव्हा डिस्प्ले कोराच हवा असेल, तर रेघा शून्य मानूनच गट बांधायचे आणि जास्तीची गेटं मुकाट्याने लावायची.