‘ते जरा छोटं करा’

एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची अमृतमहोत्सवी स्मरणिका छापायची आहे, असं समजा. वाचनालयाचे सेक्रेटरी आणि डीटीपी करणारी मुलगी यांचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं. रात्री ८.३८ ला ती त्यांना मुखपृष्ठासाठी शीर्षक पाठवते, ‘ग्रंथालयाची पंचाहत्तर वर्षे : एका वाचनवेड्या गावाची गोष्ट’. ८.४० ला अध्यक्षांच्या मनोगताची पीडीएफ जाते. हे मनोगत ५२० शब्दांचं आहे, पानात ४२० बसतात, त्यामुळे शेवटच्या ओळी पुढच्या पानावर सांडल्या आहेत. ८.४१ ला उत्तर येतं : ‘छान. ते जरा छोटं करा.’

समोरासमोर बसले असते तर सेक्रेटरींचं बोट कागदावर असतं आणि प्रश्नच उरला नसता. इथे बोट नाही, आणि ‘ते’ म्हणजे शीर्षकही असू शकतं, मनोगतही. शीर्षक लांबलचक आहे, मनोगत पानाबाहेर गेलं आहे. दोन्ही छोटं करण्याजोगं आहे. पीडीएफ त्यांच्या जुन्या फोनवर उघडत नसेल, तर फाइलच हलकी हवी असेल, हीसुद्धा एक शक्यता.

अशा वेळी आपण सहज धरून चालतो, की शेवटी जे पाठवलं त्याबद्दलच उत्तर आलं. बोलण्यात ते बहुतेक वेळा खरंही असतं. लेखी निरोपात मात्र दोघं एकाच वेळी टाइप करत असतात. सेक्रेटरी शीर्षकावरचं मत लिहीत असताना मध्येच पीडीएफ येऊन पडली, तर त्यांचा निरोप पडद्यावर पीडीएफखाली दिसेल, पण त्यांच्या डोक्यात शीर्षकच असेल. म्हणून आधी वेळ बघावी. ५२० शब्दांचं मनोगत उघडून, वाचून, मत बनवून एका मिनिटात उत्तर येणं कठीण आहे. या हिशेबाने ‘ते’ शीर्षकाकडे झुकतं.

दुसरा धागा मराठीच पुरवते. ‘छोटं’ म्हटलं की फोटो बाद होतो, कारण तो ‘छोटा’ झाला असता; फाइल आणि चौकटही बाद, त्या ‘छोटी’ झाल्या असत्या. पण शीर्षक, मनोगत, पान, अक्षर ही सगळी मंडळी नपुंसकलिंगीच, त्यामुळे चाळणीतून बरंच काही शिल्लक राहतं. शिवाय सेक्रेटरींनी ‘लहान करा’ लिहिलं असतं तर तेवढीही मदत नव्हती, कारण ‘लहान’ लिंगाप्रमाणे बदलत नाही. आणि रोमन लिपीत ‘te jara chota kara’ असं आलं, तर टंकणाऱ्याने ‘छोटा’ लिहिलं की ‘छोटं’, हे देवच जाणे.

एवढे दोन धागे हाती आले तरी काम सुरू करू नये. ‘छोटं’ म्हणजे काय, हा प्रश्न ‘ते’च्या मागे दडलेला असतो. मनोगतच म्हणायचं असेल असं धरू. डीटीपीवाली अक्षर १२ पॉइंटवरून साडेदहावर आणेल आणि ओळींमधलं अंतरही त्याच प्रमाणात आवळेल, तर एकाही शब्दाला हात न लावता ५२० शब्द त्याच पानात बसतील. अक्षर आडवं आणि उभं दोन्हीकडे आक्रसतं, म्हणून दीड पॉइंटात एवढी जागा सुटते. पान छोटं झालं, काम फत्ते! पण वाचनालयाचे निम्मे सभासद सत्तरीपुढचे असले, तर सेक्रेटरींना हे मुळीच नको असेल. त्यांना शंभर शब्द काढायला हवे होते. उलटही होऊ शकतं : अध्यक्षांच्या मजकुराला कात्री लावायची कोणाची छाती नाही, म्हणूनच त्यांनी ‘छोटं’ असा मोघम शब्द वापरला असेल.

आता विचारायचं कसं? बहुतेक जण लिहितात, ‘कोणतं?’ त्यावर उत्तर येतं, ‘ते वरचं’. एका बोटाच्या जागी दुसरं बोट. थोडे सावध लोक विचारतात, ‘शीर्षक की मनोगत?’ आणि त्यावर ‘हो’ असं उत्तर आलेलं मी पाहिलं आहे. घाईत असलेला माणूस प्रश्नातला पहिला शब्द वाचतो आणि होकार देतो. त्यापेक्षा आपला अंदाजच नाव घेऊन पुढे ठेवावा, म्हणजे समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणावं लागतं.

ही माणसांची जुनी सवय आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा भाषांतली रोजची बोलणी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. न कळलेलं विचारण्याचे तीन प्रकार त्यांना सगळीकडे सापडले : नुसतं ‘काय?’, नेमका तुकडा विचारणारं ‘कोण?’, आणि ‘अमुक म्हणताय का?’ असा अंदाज. शक्य असेल तिथे माणसं यातला जास्तीत जास्त नेमका प्रकार निवडतात, कारण त्याने समोरच्याचे कष्ट वाचतात. तोंडी बोलताना जे आपण न शिकता करतो, ते फोनवर टाइप करताना विसरतो.

तर डीटीपीवालीचा निरोप असा हवा : ‘काका, शीर्षक म्हणताय ना? “एका वाचनवेड्या गावाची गोष्ट” काढून नुसतं “ग्रंथालयाची पंचाहत्तर वर्षे” ठेवते. मनोगताला हात लावत नाही.’ यात वस्तूचं नाव आहे, बदल कसा होणार ते आहे, आणि शेवटचं वाक्य सगळ्यांत उपयोगी आहे. अंदाज चुकला असेल तर सेक्रेटरी तिथेच अडतील : ‘अगं, मनोगतच म्हणतोय!’ मग पुढचा निरोप : ‘बरं. अक्षर तेवढंच ठेवून १०० शब्द काढू, की अक्षर बारीक करू? शब्द काढले तर कोणते, ते अध्यक्षांना विचारून सांगा.’ इथे ‘की’ चालतं, कारण ‘अक्षर’ आणि ‘शब्द’ यांपैकी एकाचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. तरीही ‘हो’ आलंच, तर फोन लावावा.

प्रत्येक वेळी आधी विचारायलाच हवं असं नाही. बदल पाच मिनिटांत करता आणि मागे घेता येत असेल, तर तो करून ‘हे शीर्षक छोटं केलं, मनोगत तसंच’ असं सांगून पाठवणं जास्त सोयीचं. सेक्रेटरींनाही सारखे प्रश्न नको असतात. पण दुसऱ्याच्या मजकुरातले शब्द काढायचे असतील किंवा प्लेट छापखान्यात जायची असेल, तर लेखी होकार आधी हवा. आणि ‘ओके’ किंवा अंगठा म्हणजे होकार धरू नये. त्याचा अर्थ एवढाच, की निरोप पोचला.

व्हॉट्सॲपवर निरोप उजवीकडे सरकवला की त्यालाच जोडून उत्तर देता येतं. ‘ते’ कशाला चिकटलं आहे हे त्यातून दिसतं, म्हणून ही सवय ग्राहकालाही लावावी. मात्र आठ पानांच्या पीडीएफला उत्तर जोडलं, तर आठही पानं ‘ते’ होतात. तिथे त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून हव्या त्या ओळीभोवती गोल करावा.

खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्या फेरीत होते. ‘आधीचंच बरं होतं’ असं सेक्रेटरी लिहितात, आणि आधीची तर तीन पानं गेलेली असतात. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात आकडा घालावा, ‘मनोगत-१’, ‘मनोगत-२’, आणि निरोपातही तोच वापरावा : ‘मनोगत-२ परत घेते, त्यात अक्षर १२ पॉइंट, ४२० शब्द.’ त्यातच खजिनदार ग्रुपवर ‘माझंही तेच मत’ असं टाकतात. ते कोणत्या निरोपाखाली पडलं आहे हे पाहून डीटीपीवालीने त्यांनाही विचारावं, ‘म्हणजे मनोगत-२ ना?’