सरळ पळणाऱ्याचा वाकडा पाठलाग

गल्लीच्या तोंडाशी बसलेला कुत्रा मोटारसायकलच्या मागे लागतो, तेव्हा त्याच्या धावण्याची एक गंमत असते. मोटारसायकल समोरच्या रस्त्यावरून सरळ जात असते. कुत्रा उठतो तो थेट तिच्या रोखाने झेपावतो. ती पुढे सरकते तसे त्याचे तोंडही वळत जाते. काही क्षणांत तो रस्त्याला जवळपास समांतर, तिच्या मागून धावत असतो आणि मग बहुतेक वेळा दमून थांबतो. त्याच्या वाटेची रेघ जमिनीवर उमटली, तर ती सुरुवातीला रस्त्याला आडवी आणि पुढे रस्त्याकडे वाकत गेलेली दिसेल. गणितात या रेघेला ‘पाठलाग वक्र’ म्हणतात.

या वक्राचा पद्धतशीर अभ्यास १७३२ साली प्येर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला. बुगेर नौकानयनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे त्याच्यासमोरचे उदाहरण समुद्रावरचे होते. एक व्यापारी जहाज सरळ रेषेत ठरावीक वेगाने चालले आहे. बाजूने चाच्यांचे जहाज येते. व्यापारी जहाज ज्या क्षणी जिथे असेल, त्या क्षणी तिकडेच ते आपले नाक वळवते. चाचे त्याला गाठतील का, आणि गाठलेच तर कुठे?

हिशेब सोपा जावा म्हणून काही आकडे घेऊ. व्यापारी जहाज चाच्यांच्या बरोबर पूर्वेला ९ किलोमीटरवर आहे आणि ताशी १२ किलोमीटर वेगाने उत्तरेकडे निघाले आहे. चाच्यांचा वेग ताशी १५ किलोमीटर. चाचे जिथून निघाले तिथून पूर्वेकडचे अंतर x आणि उत्तरेकडचे अंतर y मानू. सुरुवातीचे ९ किलोमीटर म्हणजे d आणि दोन वेगांचे गुणोत्तर, म्हणजे १२ भागिले १५ किंवा ०.८, म्हणजे k.

चाच्यांच्या वाटेबद्दल आपल्याला दोनच गोष्टी माहीत आहेत. पहिली, त्यांचे नाक नेहमी व्यापारी जहाजाकडे असते. म्हणजे वक्राच्या कोणत्याही बिंदूपाशी काढलेली स्पर्शिका त्या क्षणी व्यापारी जहाज जिथे आहे तिथेच जाऊन पोचते. वक्राचा त्या बिंदूपाशी असलेला चढ y' म्हटला, तर व्यापारी जहाज उत्तरेकडे किती गेले ते y + (d − x) y' एवढे येते. दुसरी गोष्ट, तेवढ्याच वेळात व्यापारी जहाजाने कापलेले अंतर चाच्यांच्या वक्र वाटेच्या लांबीच्या ०.८ पट असते. ही दोन्ही उत्तरे एकाच अंतराची असल्यामुळे ती सारखी असली पाहिजेत.

अडचण एवढीच, की वक्राची लांबी काढायला बेरीज करत जावे लागते, म्हणजे संकलन आले. ते टाळण्यासाठी दोन्ही बाजूंचे विकलन केले की वेळ आणि लांबी दोन्ही गळून पडतात आणि हे छोटे समीकरण उरते:

(d − x) y'' = k √(1 + y'²)

यातला y'' म्हणजे चढ किती वेगाने बदलतो ते. म्हणूनच हे दुसऱ्या क्रमाचे विकलक समीकरण. ते दुसऱ्या क्रमाचे का, हेही पाहण्यासारखे आहे. चाच्यांची आत्ताची दिशा सांगायला चढ पुरतो. पण लक्ष्य सरकत असल्यामुळे ही दिशा टिकत नाही, आणि ती किती झपाट्याने वळवावी लागेल, हाच खरा प्रश्न आहे. समीकरण त्याचेच उत्तर देते. उजवीकडे k आहे, म्हणजे लक्ष्य तुलनेने जितके वेगवान, तितका वक्र अधिक वाकतो. डावीकडे (d − x) आहे. चाचे व्यापारी जहाजाच्या मार्गाजवळ येतील तसा तो लहान होतो, म्हणून चढ अधिकाधिक झपाट्याने वाढतो.

दिसायला अवघड असले तरी हे समीकरण सुटते. त्यात y स्वतः कुठेच नाही, फक्त त्याचा चढ आणि चढाचा बदल आहे. त्यामुळे आधी चढ शोधायचा आणि मग चढावरून वाट, असे दोन टप्प्यांत काम होते. शेवटी उत्तर असे येते, की चाच्यांना d भागिले (१ − k²) एवढे अंतर कापावे लागते. आपल्या उदाहरणात ९ भागिले ०.३६, म्हणजे २५ किलोमीटर. ताशी १५ किलोमीटरने त्याला १०० मिनिटे लागतात. तोवर व्यापारी जहाज २० किलोमीटर उत्तरेला गेलेले असते.

नऊ किलोमीटरवरचे सावज गाठायला पंचवीस किलोमीटर! एवढा वेळ नेमका कुठे जातो, हेही समीकरणातून काढता येते. पहिल्या ४३ मिनिटांत चाचे पूर्वेकडचे ९० टक्के अंतर संपवतात, व्यापारी जहाजाचा मार्ग आता त्यांच्यापासून जेमतेम ९०० मीटरवर असतो. पण जहाज मात्र पुढे निघून गेलेले असते. दोघांमधले थेट अंतर अजून सुमारे २.९ किलोमीटर असते आणि चाच्यांचे नाक जवळजवळ उत्तरेकडे वळलेले असते. इथून पुढे मागून धावणे तेवढे राहते. मागून धावताना वेगांतला फरकच कामी येतो आणि तो ताशी फक्त ३ किलोमीटर आहे. उरलेली ५७ मिनिटे या २.९ किलोमीटरसाठी खर्च होतात. कुत्रा दमतो तोही याच टप्प्यात.

दोघांचा वेग सारखाच असेल तर? सूत्रात k ची किंमत १ होते, छेद शून्य होतो आणि उत्तर अनंत येते, म्हणजे गाठ पडतच नाही. मग अंतर तरी किती उरते? त्यासाठी दोन अंतरांवर लक्ष ठेवायचे. एक, दोघांमधले थेट अंतर. दुसरे, व्यापारी जहाज चाच्यांपेक्षा उत्तरेला किती पुढे आहे ते. चाचे आपल्या पूर्ण वेगाने थेट अंतर कमी करत असतात, आणि व्यापारी जहाजाच्या वेगाचा काही भाग ते वाढवत असतो. उत्तरेकडच्या आघाडीत नेमके उलटे घडते. व्यापारी जहाज ती पूर्ण वेगाने वाढवते आणि चाच्यांच्या वेगाचा तेवढाच भाग ती कमी करतो. वेग सारखे असल्यामुळे पहिले अंतर जेवढे घटते तेवढेच दुसरे वाढते, आणि दोघांची बेरीज कायम राहते. सुरुवातीला ती ९ अधिक शून्य, म्हणजे ९ किलोमीटर होती. खूप वेळाने चाचे व्यापारी जहाजाच्या अगदी मागे येतात, तेव्हा दोन्ही अंतरे जवळजवळ एकच होतात. म्हणजे प्रत्येकी साडेचार किलोमीटर. पाठलाग कितीही वेळ चालला, तरी सुरुवातीच्या अंतराचा अर्धा भाग कधीच संपत नाही.

आता चाच्यांनी जरा डोके चालवले असे समजू. व्यापारी जहाज आत्ता कुठे आहे हे न पाहता, ते पुढे कुठे असेल याचा अंदाज घेऊन त्यांनी सरळ त्या जागेचा रोख धरला. एका तासात व्यापारी जहाज १२ किलोमीटर उत्तरेला जाईल. पूर्वेला ९ आणि उत्तरेला १२ किलोमीटरवरची जागा चाच्यांपासून पायथागोरसच्या नियमाने बरोबर १५ किलोमीटरवर आहे. चाचेही एका तासात तेवढेच जातात. म्हणजे जे काम १०० मिनिटांत होणार होते ते ६० मिनिटांत झाले, तेही वेग न वाढवता.

ही जागा शोधायला कागद-पेन्सिल लागतेच असे नाही. अडवणाऱ्याला लक्ष्य ज्या दिशेला दिसते ती दिशा शेवटपर्यंत बदलत नाही, फक्त अंतर कमी होत जाते. लक्ष्य दृष्टीच्या रेषेतून पुढे सरकताना दिसले की आपण मागे पडतो आहोत, मागे सरकले की आपण फार पुढचा रोख धरला आहे. नुसत्या पाठलागात मात्र ही दिशा सतत फिरत राहते. आपल्या उदाहरणात ती पूर्वेपासून थेट उत्तरेपर्यंत, म्हणजे काटकोनात फिरते.

निसर्गात दोन्ही रीती आढळतात. घरात छताखाली घिरट्या घालणाऱ्या छोट्या घरमाशीचा नर दुसऱ्या माशीचा पाठलाग करताना तिच्याकडेच वळत राहतो, असे मायकेल लँड आणि थॉमस कॉलेट यांनी १९७४ साली चित्रफितीवरून दाखवले. ती जितकी बाजूला दिसेल तितका तो अधिक वळतो. बहिरी ससाणा मात्र भक्ष्याकडे तोंड करून बसत नाही. भक्ष्याकडे जाणारी दृष्टीची रेषा जितक्या वेगाने फिरते, त्या प्रमाणात तो आपली दिशा बदलतो, असे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवले. क्षेपणास्त्रांमध्ये वापरला जाणारा नियमही हाच आहे. त्यामागे एक कारण बुगेरच्या वक्रातच आहे. पाठलाग करणारा लक्ष्याच्या दुपटीहून अधिक वेगवान असेल, तर नुसत्या पाठलागात शेवटच्या क्षणी त्याला अमर्याद झपाट्याने वळावे लागते. कोणत्याच यंत्राला ते जमत नाही आणि नेम चुकतो.

मग पाठलागाची ही महागडी रीत टिकली कशी? कारण तिला फार कमी माहिती लागते. समोरच्याचा वेग, त्याची दिशा, आपले अंतर, यातले काहीच ठाऊक नसले तरी चालते. तो दिसला की पुरे. आपला एक तासाचा हिशेबही व्यापारी जहाज सरळ चालेल या भरवशावर उभा होता. त्याने अर्ध्या तासाने दिशा बदलली, तर ठरवलेल्या जागी चाच्यांना मोकळे पाणीच मिळेल. दृष्टीच्या रेषेवर लक्ष ठेवणारा मात्र तिथल्या तिथे आपला रोख सुधारू शकतो.

समुद्रावर हाच नियम उलट्या कामासाठी वापरला जातो. जहाजांची टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातवा नियम आहे. जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा ठळकपणे बदलत नसेल, तर टक्कर होण्याचा धोका आहे असेच मानायचे. म्हणून टेहळणीवरचा अधिकारी समोरच्या जहाजाची दिशा काही मिनिटांनी पुन्हा मोजतो. आकडा बदललेला असला तर तो बराचसा निश्चिंत होतो. पण फार मोठे जहाज असेल किंवा ते अगदी जवळ आलेले असेल, तर दिशा बदलत असूनही धोका राहू शकतो, हेही त्याच नियमात लिहिले आहे.